शॉवर ट्रे की टाइलची फरशी? ब्रिटनमधल्या घराचं बाथरूम बदलण्याआधी काय तपासायचं

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला बाथरूमची जमीन म्हणजे टाइलच, असं वाटणं साहजिक आहे. तिथे खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. त्यावर वॉटरप्रूफिंग, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यातच ढाळ आणि वर टाइल. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत बाथरूम वरच्या मजल्यावर असतं आणि त्याची जमीन लाकडी असते. जॉइस्ट म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा चिपबोर्ड आणि खाली लगेच दिवाणखान्याचं छत. अशी जमीन चालताना किंचित लवते. ओल लागली की चिपबोर्ड फुगतो आणि पुन्हा मूळ आकाराला येत नाही. म्हणून शॉवर ट्रे, म्हणजे पाणी निचऱ्याच्या भोकाकडे नेणारं कड असलेलं तयार उथळ तबक, हा इथे स्वस्तातला पर्याय नसून या जमिनीला मानवणारा पर्याय आहे.

दुकानात गेलं की निवड रंग आणि किमतीवरून होते. खरं तर ती दोन गोष्टींवर ठरते: खाली जमीन कशाची आहे आणि पाणी कुठल्या वाटेने बाहेर जाणार. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी पुढच्या पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण करा.

पायरी 1: जमीन कशाची आहे आणि जॉइस्ट कुठल्या दिशेने जातात, ते पाहा

तळमजल्यावर टाच आपटल्यावर घट्ट, बसका आवाज आला तर बहुधा काँक्रीट आहे. वरच्या मजल्यावर जवळजवळ नेहमी लाकूडच असतं. जुन्या घरात फळ्यांवर खिळ्यांच्या सरळ रांगा दिसतात. त्या रांगा जॉइस्टच्या रेषेवरच असतात आणि फळ्या त्यांना आडव्या असतात. चिपबोर्ड असेल तर स्क्रूच्या रांगा पाहा. दोन रांगांमधलं अंतर बहुधा 400 ते 600 मिमी असतं.

मग एक फळी उचलून जॉइस्टची उंची मोजा. हा आकडा लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. टॉयलेटच्या बुडाशी आणि जुन्या बाथटबच्या नळाच्या बाजूला लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे. ते बदलल्याशिवाय वर काहीही बसवू नका.

पायरी 2: पाण्याची वाट आखा

बाथटब काढून शॉवर करणाऱ्यांची फसगत इथेच होते. टब पायांवर उभा असतो, म्हणून त्याचा ट्रॅप, म्हणजे भोकाखालचा पाणी धरून ठेवणारा जोड, आणि 40 मिमीचा पाइप बरेचदा फळ्यांच्या वरूनच, टबखालून भिंतीकडे जातो. 40 मिमी जाडीचा ट्रे थेट जमिनीवर बसवायचा म्हटलं की तोच ट्रॅप आणि पाइप फळ्यांच्या खाली, जॉइस्टच्या मध्ये न्यावा लागतो. तिथे जागा आहे का, हे कोणी आधी बघितलेलं नसतं. ट्रे घरी येतो, प्लंबर फळी उचलतो आणि काम तिथेच थांबतं.

ढाळाचा नियम असा: इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या एच भागाप्रमाणे शॉवरचा 40 मिमी पाइप दर मीटरला 18 ते 90 मिमी उतरावा आणि साध्या जोडणीत त्याची लांबी 3 मीटरपेक्षा जास्त नसावी. ट्रॅपमध्ये 50 मिमी पाणी साचून राहिलं पाहिजे. तेच पाणी गटाराचा वास अडवतं.

दुसरा नियम जॉइस्टचा. साध्या लाकडी जॉइस्टला भोक पाडायचं तर ते उंचीच्या मधोमध हवं, व्यास उंचीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको आणि टेकूपासून गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, 0.25 ते 0.4 इतक्या अंतरातच हवं. वरून खाच करायची तर खोली उंचीच्या आठव्या हिश्शापर्यंतच. आता हिशोब करा. सॉल्व्हंटने जोडायच्या 40 मिमी पाइपचा बाहेरचा व्यास 43 मिमी असतो. 150 मिमी उंच जॉइस्टमध्ये सगळ्यात मोठं भोक साडेसदतीस मिमीचं, म्हणजे पाइप जातच नाही. 200 मिमीच्या जॉइस्टमध्ये 50 मिमीचं भोक चालतं, पण एकामागोमाग तीन-चार जॉइस्ट ओलांडायचे तर ढाळामुळे प्रत्येक भोक आधीच्याहून खाली सरकतं आणि लवकरच मध्यरेषा सुटते. थोडक्यात, पाइप जॉइस्टला समांतर जात असेल तर काम सरळ आहे. आडवा जाणार असेल तर ट्रे उचलावा लागेल किंवा शॉवरची जागा बदलावी लागेल.

अलीकडच्या घरांत आय आकाराचे किंवा धातूच्या जाळीचे जॉइस्ट असतात. जाळीच्या मधल्या मोकळ्या जागेतून पाइप आडवा नेता येतो. आय जॉइस्टच्या वरच्या-खालच्या पट्ट्या मात्र कधीही कापायच्या नाहीत. मधल्या उभ्या पाट्यातलं भोक उत्पादकाच्या तक्त्यानुसारच पाडायचं.

पायरी 3: स्टोन रेझिनचा ट्रे, अॅक्रिलिकचा ट्रे की टाइलची फरशी, ते आता ठरवा

स्टोन रेझिन. रेझिन आणि दगडाची भुकटी मिसळून ओतलेला, आतून भरीव ट्रे. जाडी बहुधा 25 ते 45 मिमी. 1200 × 800 मिमीचा ट्रे 35 ते 40 किलोच्या आसपास भरतो, म्हणून जिन्यावरून न्यायला दोन माणसं लागतात. वजन हाच त्याचा गुण आहे. सिमेंटच्या मालावर पूर्ण टेकवला की तो पायाखाली हलत नाही. ट्रे हलला नाही की भिंतीलगतचं सिलिकॉन फाटत नाही आणि सिलिकॉन टिकलं की खालचं छत कोरडं राहतं. वरच्या मजल्यावरच्या रोजच्या वापराच्या शॉवरसाठी आमची पहिली पसंती हीच.

त्याचे दोष दोन. शॅम्पूची जड काचेची बाटली किंवा नळाचा पाना कडेवर पडला तर टवका उडतो. आणि बाक असलेला ट्रे कधीकधी कारखान्यातूनच येतो. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशीच खोका उघडा, सपाट जमिनीवर ठेवून चारही कोपरे दाबा, कडेवर सरळ पट्टी धरून फट बघा. बसवलेल्या ट्रेची तक्रार कंपन्या सहसा मान्य करत नाहीत.

अॅक्रिलिक. पातळ पत्रा तापवून साच्यात ओढलेला, मागून काचतंतूंचा थर आणि बहुधा चिपबोर्ड लावून मजबूत केलेला. हलका, एकट्याने उचलता येतो, पायाला गार लागत नाही, बारीक ओरखडे पॉलिशने जातात, किंमतही कमी. खोड एकच आणि ती मोठी: तो लवतो. ट्रेखालच्या पायांचे स्क्रू नीट समतोल केले नसतील तर माणूस आत उभा राहताच कड एखादा मिलिमीटर खाली जाते आणि सिलिकॉन दर अंघोळीला ओढलं जातं. काही महिन्यांत केसाएवढी फट पडते आणि पाणी भिंतीमागे उतरतं. भाड्याने द्यायच्या घरातला किंवा कधीमधी वापरायचा दुसरा शॉवर, अरुंद जिना, माळ्यावरची खोली, अशा ठिकाणी तो योग्य आहे.

खरेदीत इथे गोंधळ होतो. ब्रिटनमधल्या बऱ्याच स्टोन रेझिन ट्रेच्या वरचा चकचकीत थर अॅक्रिलिकचाच असतो, त्यामुळे माहितीपत्रकात दोन्ही शब्द एकत्र दिसतात. ओळखायचं वजनावरून. 900 मिमी चौरस ट्रेचं वजन 25 किलोच्या पुढे असेल तर तो भरीव आहे, 15 किलोच्या आत असेल तर पोकळ. वजन लिहिलंच नसेल तर विचारून घ्या.

टाइलची फरशी. सगळ्यात देखणी आणि उंबरा नसलेली. गुडघे दुखणारे किंवा व्हीलचेअर वापरणारे आई-वडील घरात असतील तर हिला तोड नाही. तळमजल्यावर काँक्रीटची जमीन असेल आणि ती खोदून पाइप नेता येत असेल तर निर्धास्त करा. लाकडी जमिनीवर मात्र तिच्यासाठी वेगळी तयारी लागते. जॉइस्टच्या मध्ये आडव्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यावर प्लाय, त्यावर कारखान्यातच ढाळ दिलेला तयार फॉर्मर, मग संपूर्ण ओल्या भागाला टँकिंग म्हणजे पाणी अडवणारा पडदा आणि सगळ्यात वर टाइल.

पाणी टाइल अडवत नाही, ग्राउटही अडवत नाही. अडवतो तो खालचा पडदा. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर आणि जाळीच्या गळ्याभोवती तो पट्टी चिकटवून जोडावा लागतो. गळती होते ती बहुतेक वेळा याच दोन जागी. ढाळ 1:60 धरला तर 1200 मिमीला 20 मिमी उतार येतो. मधोमध गोल जाळी असेल तर उतार चारही बाजूंनी येतो आणि 300 × 600 च्या मोठ्या टाइल त्यावर सपाट बसत नाहीत. त्यासाठी 50 मिमीचे मोझाइक वापरा किंवा भिंतीलगत लांब जाळी घेऊन एकाच बाजूला ढाळ द्या. लाकडी जमीन पायाखाली जाणवण्याइतकी लवत असेल तर आधी तिला मजबुती द्या, नाहीतर ग्राउटला चिरा पडतातच.

खर्चाचा अंदाज करताना टाइलच्या किमतीवर जाऊ नका. ट्रे बसवणं एका दिवसाचं काम आहे. टाइलच्या फरशीत फॉर्मर, टँकिंगचे दोन हात, त्यांचं वाळणं, टाइल, ग्राउट असे अनेक दिवस जातात आणि मजुरी त्या दिवसांची असते.

पायरी 4: घरातली अंघोळ कशी होते, तेही धरा

माहितीपत्रकं शॉवरखाली उभं राहणारा माणूस गृहीत धरतात. आपल्याकडे बादली-मग आणि बसायला स्टूल असतं, विशेषतः आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा. स्टुलाचे चार पाय बारीक असतात आणि सगळं वजन त्या चार ठिपक्यांवर येतं. अॅक्रिलिकवर ते ठिपके दबतात, स्टोन रेझिनला फरक पडत नाही. अॅक्रिलिकच घेणार असाल तर रुंद रबरी बूड असलेलं स्टूल घ्या.

पाण्याचाही हिशोब आहे. मिक्सर शॉवर मिनिटाला साधारण 10-12 लिटर सोडतो आणि 90 मिमीचा चांगला ट्रॅप मिनिटाला 25 लिटरच्या वर ओढतो, त्यामुळे एरवी काळजी नसते. पण बादलीतलं उरलेलं 10 लिटर पाणी एकदम ओतलं की ट्रॅपला ते तितक्या वेगाने ओढता येत नाही. 1200 × 800 च्या ट्रेवर ते पसरून साधारण 10 मिमी चढतं आणि कडेच्या आत राहतं. कड नसलेल्या टाइलच्या फरशीवर तेच पाणी दारापर्यंत जाऊ शकतं. अशा घरात टाइलची फरशी करायची तर टँकिंग शॉवरपुरतं नको, पूर्ण खोलीला हवं.

तेल लावून अंघोळ, उटणं, मेंदी, हळद हे सगळं ट्रॅपमध्ये जातं. म्हणून वरून जाळी उचलून आतला कप बाहेर काढता येतो, असाच ट्रॅप घ्या. ट्रे एकदा बसला की खालून हात जात नाही. हळद-मेंदीचे डाग पांढऱ्या सिमेंट-ग्राउटमध्ये मुरतात. टाइल लावणार असाल तर जमिनीवर इपॉक्सी ग्राउट वापरा. तेलाने गुळगुळीत ट्रे घसरडा होतो, म्हणून खरखरीत पृष्ठभागाचा निवडा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड आहे. तिथे काळ्या ट्रेवर क्षाराचे पांढरे डाग दोन दिवसांत दिसतात, पांढऱ्यावर लपतात.

पायरी 5: एक बाथरूम घेऊन पूर्ण हिशोब

1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, वरच्या मजल्यावर 2.1 × 1.7 मीटरचं बाथरूम, भिंतीला लागून 1700 × 700 चा टब. तो काढून 1200 × 800 चा शॉवर करायचा आहे. जॉइस्ट 175 मिमी उंच, 50 मिमी जाड आणि मागच्या भिंतीच्या दिशेने जाणारे. सांडपाण्याचा उभा पाइप त्याच भिंतीबाहेर. ट्रेच्या भोकापासून तिथपर्यंत 1.6 मीटर.

ढाळ: 1.6 × 18, म्हणजे किमान 29 मिमी. निवडलेल्या ट्रॅपच्या आराखड्यात पाइपची वरची कड जॉइस्टच्या माथ्यापासून 40 मिमी खाली येते असं धरू. त्यात पाइपचे 43 आणि ढाळाचे 29 मिळवले की 112 मिमी. जॉइस्ट 175 चा, म्हणजे छताच्या वर 63 मिमी शिल्लक. पाइप समांतर असल्याने एकही भोक लागत नाही. फक्त ट्रेचं भोक दोन जॉइस्टच्या मधल्या मोकळ्या जागेवर यायला हवं. जॉइस्ट 400 मिमीवर असतील तर मधली मोकळी जागा 350 मिमी. ट्रेच्या आराखड्यात भोकाचं कडेपासूनचं अंतर दिलेलं असतं, ते जमिनीवर खडूने आखून बघा. जॉइस्टवर येत असेल तर भोक कोपऱ्यात असलेला दुसरा ट्रे निवडा. जॉइस्ट कापून जागा करू नका.

हेच जॉइस्ट आडवे असते तर? 175 चा चौथा हिस्सा पावणेचव्वेचाळीस मिमी. 43 च्या पाइपला त्यात हलायलाही जागा नाही, मग ढाळ देणार कसा? तेव्हा पायांवर उभा केलेला ट्रे घ्यायचा आणि 100 ते 150 मिमीची पायरी पत्करायची. पाय आणि पुढची पट्टी असलेले संच स्टोन रेझिनसाठीही मिळतात.

वजन: ट्रे 38 किलो, 15 मिमी मालाचा थर साधारण 29 किलो, माणूस 80 किलो, एकूण 147. जुना टब 30 किलो, पाणी 150 लिटर आणि तोच माणूस धरला तर 260. म्हणजे भरलेला टब पेलणाऱ्या धडधाकट जॉइस्टना स्टोन रेझिनचा भार कमीच आहे.

निर्णय: स्टोन रेझिन, थेट जमिनीवर. आणि बजेटमध्ये एक गोष्ट जास्त धरायची. टब होता तिथे भिंतीला खालून अर्धा मीटरभर टाइल नसतात आणि जमिनीचाही 500 मिमीचा पट्टा उघडा पडतो.

पायरी 6: काय हाताशी हवं

कागद: मापांचा कच्चा आराखडा, ट्रे आणि ट्रॅप दोन्हींचे उत्पादकाचे आराखडे, बसवण्याच्या सूचना, वॉरंटी, फळ्या बंद करण्याआधी काढलेले पाइप-जॉइस्टचे फोटो. फ्लॅट लीजहोल्ड असेल तर लीज वाचून फ्रीहोल्डरची लेखी परवानगी घ्या. टाइलची फरशी करून गळती खालच्या घरात गेली तर वाद तिथूनच सुरू होतो.

सामान, 1200 × 800 च्या स्टोन रेझिन ट्रेसाठी: 18 मिमी जाड, ओल सोसणारा बाहेरच्या वापराचा प्लाय, त्याला लावायचं प्रायमर, 25 किलो वाळू, 5 किलो सिमेंट, 90 मिमी ट्रॅप, 40 मिमी पाइप आणि जोड, ट्रेच्या कडेला लावायची लवचीक पट्टी, बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन. अवजारं: 1200 मिमी लांब लेव्हल, थापी, करवत, रबरी हातोडी.

पायरी 7: कामाचा क्रम आणि तिथले खड्डे

प्लाय स्क्रूने घट्ट बसवून त्याच्या कडांनाही प्रायमर लावायचा. ट्रॅप जोडून ट्रे आधी कोरडाच ठेवून बघायचा. मग 5:1 चा अर्धओला माल पूर्ण क्षेत्रावर पसरायचा आणि त्यावर ट्रे दाबत बसवायचा. ट्रेच्या वरच्या कडा चारही बाजूंनी समतल हव्यात. उतार आत ओतलेला असतो, ट्रे तिरका करून वेगळा द्यायचा नाही. काही उत्पादक मालाऐवजी टाइलचा लवचीक गोंद सांगतात, तिथे त्यांचंच ऐकायचं. चार-पाच ठिपके लावून ट्रे टेकवणारा किंवा फोम मारणारा कारागीर असेल तर काम थांबवा. ठिपक्यांच्या मध्ये पोकळी राहते आणि फुगणारा फोम ट्रे उचलतो. चोवीस तास त्यावर कोणी उभं राहायचं नाही.

ट्रे आधी, भिंतीच्या टाइल नंतर. ट्रे भिंतीच्या बोर्डाला सिलिकॉनने चिकटवून, लवचीक पट्टी लावून, टाइल ट्रेच्या कडेवर उतरवायच्या आणि मध्ये 3 मिमी फट ठेवून ती सिलिकॉनने भरायची, ग्राउटने नाही. टाइल आधी लावून ट्रे पुढे ढकलला तर पाणी सरळ टाइलमागे जातं. शॉवरच्या भिंतीला साधा प्लास्टरबोर्ड उघडा ठेवू नका. सिमेंटचा बोर्ड लावा आणि टँकिंग करा.

पायरी 8: शेवटचा हप्ता देण्याआधीची चाचणी

काचेचं दार बसवण्याआधी आणि शक्य असेल तर फळ्या किंवा छत उघडं असतानाच दहा मिनिटं शॉवर पूर्ण सोडा आणि टॉर्च घेऊन ट्रॅपचे जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा. टिश्यू किंचित जरी ओला झाला तर जोड पुन्हा करायला लावा. मग ट्रेच्या चारही कोपऱ्यांत एका पायावर उभं राहा. कड आणि भिंत यांतली फट हलताना दिसली किंवा पोकळ आवाज आला तर खाली माल पूर्ण टेकलेला नाही.

टाइलच्या फरशीची चाचणी टँकिंग वाळल्यावर, टाइल लावण्याआधी घ्यायची. जाळीचं तोंड रबरी बुचाने बंद करा, दारापाशी तात्पुरता बांध घाला, काही सेंटिमीटर पाणी भरा आणि पातळीवर पेन्सिलने खूण करा. चोवीस तासांनी खालचं छत आणि ती खूण, दोन्ही बघा. ट्रे असो वा फरशी, शेवटी लावलेलं सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे चोवीस तास, शॉवर वापरू नका.